सेन्सर ओरडतो कधी आणि थांबतो किती: द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजची गोष्ट

निफाड तालुक्यात माझ्या मामांची एक छोटी शीतखोली आहे. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर उंच, भिंतींना उष्णता अडवणाऱ्या फोमचे, १०० मिलिमीटर जाडीचे पफ पॅनेल. जानेवारी ते एप्रिल तिच्यात निर्यातीची द्राक्षं असतात, भरलेली असली की साधारण पाच टन. आधी प्री-कूलिंगमध्ये मालातली उष्णता काढतात, मग पेट्या या खोलीत येतात आणि कंटेनर लागेपर्यंत शून्य ते एक अंशात राहतात. दोन हंगामांपूर्वी मामा म्हणाले, "रात्री मशीन बंद पडलं तर मला सकाळीच कळतं. काहीतरी कर."

मी रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक, तीन सेन्सर आणि दर पाच मिनिटांनी चालणारा एक छोटा प्रोग्रॅम बसवला. तापमान दोन अंशांच्या वर गेलं की मामांच्या फोनवर मेसेज. अर्ध्या दिवसाचं काम, आणि मी खुशीत घरी आलो. पहिल्या चोवीस तासांतच मामांना वीसहून जास्त मेसेज गेले आणि खोलीत बिघाड काहीच नव्हता. चौथ्या रात्री त्यांनी तो नंबर म्यूट केला. सहाव्या रात्री कॉम्प्रेसर खरोखर बंद पडला. मेसेज वेळेवर गेला होता, पण तो पाहणारं कुणी नव्हतं.

मोजणं सोपं असतं. कधी बोलायचं आणि कधी गप्प राहायचं हे ठरवणं अवघड असतं, आणि या लेखात मला तेवढंच नीट सांगायचं आहे.

पहिल्या चोवीस तासांत नक्की काय झालं, तिथून सुरू करू. शून्याच्या आसपास चालणाऱ्या खोलीत कूलिंग कॉइलवर बर्फ साचत जातो. बर्फाचा थर जाड झाला की हवा कॉइलमधून जात नाही आणि थंडावा कमी होतो. म्हणून मशीन ठरावीक वेळाने स्वतःच थंड करणं थांबवतं आणि हीटरने तो बर्फ वितळवतं. याला डीफ्रॉस्ट म्हणतात. मामांच्या खोलीत तो दर सहा तासांनी होतो. त्या वेळात खोलीतली हवा गरम होणारच. लॉगमधला एक डीफ्रॉस्ट असा दिसतो:

```
02:10   0.6
02:15   2.8
02:20   4.4
02:25   5.1
02:30   4.0
02:35   2.9
02:40   1.9
02:45   1.2
```

पाच अंशांपर्यंत चढून अर्ध्या तासात हवा जागेवर आली. दोनच्या वर पाच वाचनं, म्हणजे पाच मेसेज. दिवसात असे चार डीफ्रॉस्ट, वर दार उघडलं की आणखी दोन-तीन. प्रोग्रॅमने सांगितलेलं एकही वाचन खोटं नव्हतं, पण त्यातल्या एकाही वाचनावर माणसाने करण्यासारखं काही नव्हतं.

इथे बहुतेकांना सुचतं ते म्हणजे मर्यादा वाढवणं. दोनऐवजी सहा अंश ठेवा, डीफ्रॉस्ट त्याच्या खाली राहील. मीही आधी तेच केलं, आणि ते चुकलं. कारण मग खोली तीन-चार अंशांवर रात्रभर अडकली तरी कुणाला कळणार नाही. गॅस कमी झाला, कंडेन्सर धुळीने भरला, तर नेमकं असंच होतं. मशीन चालू दिसतं, पण खोली खाली येत नाही. सहा अंशांवर वीस मिनिटं चालतील, साडेतीन अंशांवर दहा तास चालणार नाहीत. आपल्याला ओळखायचंय ते तापमानाची उंची नाही, तिथे ते किती वेळ टिकलं हे. म्हणून मर्यादा दोनच राहू दिली आणि तिला वेळ जोडली: सलग ४५ मिनिटं दोनच्या वर राहिलं तरच मेसेज.

हे ४५ आले कुठून? या आकड्याला दोन बाजू आहेत. खालची बाजू खोली सांगते, वरची बाजू माल सांगतो.

खालच्या बाजूसाठी मी मेसेज बंद ठेवून एक आठवडा फक्त वाचनं साठवली. त्या आठवड्यात मशीन ठीक चालू असताना हवा सगळ्यात जास्त वेळ मर्यादेबाहेर होती ती ३५ मिनिटं. एका डीफ्रॉस्टच्या आगेमागे पेट्या काढायला दार उघडलं होतं तेव्हा. म्हणजे ३५ मिनिटांच्या आत बोलणारा प्रोग्रॅम रोज उगाच बोलणार. हा आकडा दुसऱ्याच्या खोलीतून उसना घेता येत नाही. तुमचा डीफ्रॉस्ट, तुमचं दार, तुमची माणसं यांतूनच तो येतो.

वरची बाजू म्हणजे माल किती वेळ धीर धरेल. इथे थोडं गणित आहे, पण सोपं. बाहेर ३५ अंश आणि आत शून्य असताना १०० मिलिमीटर पफमधून दर चौरस मीटरला साधारण आठ वॅट उष्णता आत झिरपते. या खोलीच्या सहाही बाजू मिळून १०८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ९०० वॅट. आत पाच टन द्राक्षं आहेत आणि द्राक्ष म्हणजे बहुतांश पाणीच. एवढा माल एक अंशाने तापायला साधारण १८,५०० किलोज्यूल लागतात. भागाकार केला की उत्तर येतं साडेपाच ते सहा तास. दार बंद आणि मशीन बंद असताना माल सरासरी एक अंशाने तापायला एवढा वेळ घेतो. दाराजवळच्या आणि वरच्या पेट्या आधी तापतात, त्यामुळे त्यांच्यासाठी मी हा वेळ निम्म्याहून कमी धरतो. तरी अडीच तास हातात राहतात.

त्यातून माणूस पोचायला लागणारा वेळ वजा करायचा. राखणदार खोलीजवळ राहतो, पण मेकॅनिकला पिंपळगावहून यायला तास लागतो. म्हणजे दीड तासाच्या आत मेसेज गेलाच पाहिजे. ३५ मिनिटं आणि दीड तास या दोन कुंपणांच्या मधली जागा आपली. मी खालच्या कुंपणाजवळचे ४५ घेतले, कारण उशिरा कळण्यात काही फायदा नाही.

ही दोन कुंपणं एकमेकांना ओलांडत असतील, म्हणजे खोलीला एक तास हवा असेल आणि माल अर्धाच तास धरत असेल, तर कुठलाही आकडा चालणार नाही. तेव्हा प्रोग्रॅमशी झटापट करू नका, सेन्सरची जागा बदला. माझे तीन सेन्सर तीन ठिकाणी आहेत. एक पंख्याकडे परत जाणाऱ्या हवेत, एक दाराच्या बाजूच्या थप्पीत वरच्या पेटीत द्राक्षांच्या घडात खोचलेला, एक बाहेर. हवेचा सेन्सर चटकन हलतो आणि बिघाड लवकर दाखवतो. घडातला सेन्सर सुस्त आहे, पण खरी गोष्ट तोच सांगतो. वरच्या डीफ्रॉस्टमध्ये हवा ५.१ वर गेली तेव्हा घडातलं तापमान ०.४ वरून हललंही नाही. मेसेजमध्ये मी दोन्ही आकडे पाठवतो. मामांना फोन उचलताना घाबरायचं की चप्पल घालून निवांत निघायचं, हे दुसऱ्या आकड्यावरून कळतं.

माल गरम होऊन पुन्हा थंड झाला तर बिघडतं काय, असंही मला विचारलं गेलं. दोन-तीन अंशांनी द्राक्ष लगेच सडत नाही. पण पेटीत दमट हवा येते आणि पुन्हा थंड होताना मण्यांवर दव धरतं. त्या ओलाव्यात बुरशीला आयतं घर मिळतं. शिवाय पेटीत बुरशी रोखायला गंधकाच्या वायूचा पॅड ठेवलेला असतो. तो ओलाव्यानेच वायू सोडतो. जास्त ओल आली की एकदम जास्त वायू सुटतो आणि देठाजवळ मणी पांढरे पडतात. पेटी बंद असताना यातलं काहीच दिसत नाही, दिसतं ते परदेशात पेटी उघडल्यावर.

तापमान जास्तच खाली जाण्याच्या बाजूचा हिशोब वेगळा आहे, आणि इथे बरेच जण दोन्हीकडे एकच वेळ लावून फसतात. मण्यात साखर असल्यामुळे तो शून्याला गोठत नाही, साधारण उणे दोनच्या खाली धोका सुरू होतो, आणि मण्याच्या आधी देठ गोठतो. गोठलेलं द्राक्ष परत पहिल्यासारखं होत नाही. आणि डीफ्रॉस्टमुळे हवा गरम होते, ती थंड कधीच होत नाही. म्हणजे खालच्या बाजूला थांबण्याचं जे कारण होतं तेच उरत नाही. हवा उणे एकच्या खाली गेली तर थर्मोस्टॅट अडकलाय एवढाच अर्थ. तिथे मी १५ मिनिटं ठेवली आहेत, म्हणजे फक्त तीन वाचनं, एखादं चुकीचं वाचन गाळायला पुरतील इतकी. लसींच्या फ्रिजमध्ये ठेवतात त्या तीस दिवसांच्या तापमान नोंदवहीतही हाच विचार दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकाप्रमाणे ती आठ अंशांच्या वर सलग दहा तास गेल्यावर अलार्म देते, पण उणे अर्ध्या अंशाच्या खाली एकच तास थांबते. उष्णतेने लस हळूहळू कमजोर होते, पण काही लसी एकदा गोठल्या की निकामीच होतात. दोन बाजूंना दोन वेगळी घड्याळं आहेत ती त्यामुळे.

आता प्रोग्रॅमकडे. दर पाच मिनिटांनी तो चालवायचं काम लिनक्सचं क्रॉन करतं. त्यासाठी एक ओळ पुरते:

```
*/5 * * * * /usr/bin/python3 /home/pi/cold/read.py
```

क्रॉन दर वेळी प्रोग्रॅम नव्याने सुरू करतं, तो वाचन घेतो आणि संपतो. पाच मिनिटांनी उठणाऱ्या प्रोग्रॅमला आधीचं काही आठवत नाही. "४५ मिनिटं झाली का" हे त्याला कळायचं तर तापमान बाहेर कधी गेलं ती वेळ कुठेतरी लिहून ठेवावी लागते. मी ती एका छोट्या फाइलमध्ये लिहितो. प्रोग्रॅमचा गाभा एवढाच:

```python
if t > 2.0 and start is None:
    start = now
elif t < 1.5:
    start, sent = None, False

if start and now - start >= 45*60 and not sent:
    send_alert(t, now - start)
    sent = True
```

यात दोन वेगळे आकडे आहेत, २.० आणि १.५, ते नजरेतून सुटू देऊ नका. एकच आकडा ठेवला तर काय होतं ते मी पाहिलंय. आजारी मशीन हवा दोनच्या आसपास घुटमळवत ठेवतं: २.२, २.१, १.९, २.३. मधलं ते १.९ आलं की घड्याळ पुन्हा शून्यावर, आणि ४५ मिनिटं कधी भरतच नाहीत. म्हणून बाहेर जाण्याचा उंबरठा दोन, पण घरात आल्याचं मानायला दीडच्या खाली उतरलं पाहिजे. वरच्या लॉगमध्ये ०२:४० ला १.९ आलं तरी घड्याळ चालूच होतं, ते ०२:४५ ला थांबलं.

ती फाइल `/tmp` मध्ये ठेवू नका. मी ठेवली होती. अनेक मशीनवर रीस्टार्ट झालं की ती जागा रिकामी होते, आणि आपल्याकडे वीज जाऊन येते तेव्हाच तर ती आठवण हवी असते. दुसरं असं की रास्पबेरी पायच्या जुन्या मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. इंटरनेट येईपर्यंत त्याला वाटत असतं की वीज गेली तीच वेळ अजून चालू आहे. मग तासाभराचा खंड त्याच्या हिशोबात पाच मिनिटांचा होतो. पायला एक छोटा यूपीएस लावला की या दोन्ही कटकटी जवळजवळ मिटतात.

सेन्सर स्वतः खोटं बोलतो तेव्हा काय करायचं, हेही ठरवावं लागतं. मी वापरतो तो `DS18B20` स्वस्त आणि भरवशाचा आहे, पण त्याच्या काही खोडी आहेत. वीजपुरवठा क्षणभर हलला की तो 85 अंश दाखवतो. ते मोजलेलं तापमान नसतं, चालू झाल्यावरचा त्याचा आरंभाचा आकडा असतो. शीतखोलीत ८५ अंश कधी होणार नाहीत, म्हणून ते वाचन फेकून द्यायचं. फेकायचं म्हणजे नोंद करायची, पण घड्याळाला हात लावायचा नाही. वाचन न मिळणं म्हणजे तापमान ठीक असणं नव्हे.

दुसरी खोड मला खरोखर घाबरवून गेली. एकदा वायरच्या जोडात पाणी शिरलं आणि डेटाची तार ग्राउंडच्या तारेला चिकटली. तेव्हा सेन्सरची फाइल अशी दिसत होती:

```
00 00 00 00 00 00 00 00 00 : crc=00 YES
00 00 00 00 00 00 00 00 00 t=0
```

सगळे अंक शून्य असले की तपासणीचा अंकही शून्यच येतो, म्हणून पुढे `YES`. प्रोग्रॅमच्या दृष्टीने वाचन उत्तम. आणि शून्य अंश हे तर द्राक्षांच्या खोलीचं आदर्श तापमान! दुसऱ्या कुठल्याही खोलीत हे वाचन खटकलं असतं, इथे ते दिवसभर खपून गेलं. खरा सेन्सर एक सोळांशाच्या पायऱ्यांनी सतत थोडा थरथरत असतो. म्हणून आता हवेच्या सेन्सरचं वाचन तासभर एका अंकानेही हललं नाही, तर "सेन्सर तपासा" असा वेगळा मेसेज जातो.

नवीन नियम लागल्यानंतरची एक रात्र सांगतो. रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी हवा १.१ होती. पंचवीसला २.३, चाळीसला ३.६. बारा वाजून दहा मिनिटांनी बरोबर ४५ मिनिटं भरली आणि मेसेज गेला: हवा ५.२, घड ०.७, ४५ मिनिटांपासून. मामांनी राखणदाराला फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, लाईट तर चालू आहे, बल्ब जळतोय." बल्ब सिंगल फेजवर होता. मधल्या वेळात थ्री फेज गेली होती आणि परत आलीही होती, पण पॅनेलमधला सिंगल फेज प्रिव्हेंटर ट्रिप झालेला तसाच राहिला होता. मामांनी फोनवर सांगितलं, त्याने पॅनेल उघडून रीसेट दाबलं, कॉम्प्रेसर सुरू झाला. एक वाजून पाच मिनिटांनी हवा १.४ वर आली आणि "पूर्ववत" असा एक मेसेज गेला. घडाचं तापमान जास्तीत जास्त ०.९ पर्यंत गेलं होतं. संपूर्ण रात्रीत दोन मेसेज. हंगामाच्या सुरुवातीला हेच काम वीस मेसेजांनी झालं नव्हतं.

पण या नियमाने एक नवा धोका आणला. आता शांतता हीच चांगली बातमी झाली. पाय जळाला, सिमचं रिचार्ज संपलं, तरीही शांतताच. मेलेला प्रोग्रॅम आपण मेलो हे सांगू शकत नाही, ते दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. म्हणून दर वाचनानंतर पाय बाहेरच्या एका सर्व्हरवर हाक देतो, आणि तीस मिनिटं हाक आली नाही तर मेसेज तो सर्व्हर पाठवतो. सर्व्हर त्या गावच्या विजेवर आणि त्या सिमवर अवलंबून नसला पाहिजे, नाहीतर दोघे एकदमच गप्प होतील.

माल भरायच्या दिवशी दार तासन्‌तास उघडं असतं, तेव्हा मेसेज थांबवण्याची सोय लागते. ती मी दिली, पण ती तीन तासांनी आपोआप सुटते. कायमचं बंद करणारं बटण मुद्दाम ठेवलं नाही. संध्याकाळी दमलेल्या माणसाला ते परत चालू करायचं आठवत नाही.

पाण्याच्या टाकीला हाच विचार लागतो, आकडे तेवढे बदलतात. सोसायटीची टाकी सकाळी सात ते आठ रिकामी होत जाते आणि मोटर लागली की भरते; हा तिचा डीफ्रॉस्ट. पाणी पडत असताना पृष्ठभाग हलतो, म्हणून अल्ट्रासॉनिक सेन्सरची एकाच वेळी पाच वाचनं घेऊन मधलं धरायचं. पातळी कमी झाल्याचा मेसेज रोजच्या सकाळच्या उतारापेक्षा जास्त थांबला पाहिजे. टाकी भरून वाहण्याच्या बाजूला मात्र थांबण्यासारखं काही नसतं, तिथे दोन वाचनं पुरे.

एक काम मी दर डिसेंबरात, पहिल्या पेट्या येण्याआधी करतो. हा सेन्सर अर्धा अंश इकडेतिकडे असू शकतो असं त्याचा कारखानाच सांगतो, आणि शून्य ते एक अंशाच्या खेळात अर्धा अंश फार झाला. थर्मासमध्ये कुटलेला बर्फ भरायचा, त्यात बर्फ बुडेल इतकंच पाणी घालायचं, ढवळायचं आणि तिन्ही सेन्सर दहा मिनिटं त्यात सोडायचे. ते मिश्रण शून्य अंशावर असतं. गेल्या डिसेंबरात हवेचा सेन्सर ०.१ दाखवत होता, बाहेरचा उणे ०.१, आणि घडातला ०.४. तो ०.४ प्रोग्रॅममध्ये वजा केला, सेन्सरच्या वायरवर चिकटपट्टीने आकडा आणि तारीख लिहिली, आणि मग खोली थंड करायला लावली.